आकड्यावरून लिहिलेला देश

आमच्या घरात दोघे भाऊ मोठ्या आवाजात एकदाच भांडले. मी तेव्हा स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होते. बत्ता थांबला तर मी ऐकते आहे हे कळेल, म्हणून खलातले दाणे संपल्यावरही रिकामा बत्ता आपटत राहिले. त्यामुळे ते भांडण मला अजून तालासकट पाठ आहे.

थोरले म्हणजे आमचे हे. धाकटे ढुंढिराजभाऊजी. आमचं घर पंचवटीतलं, पिढीजात तीर्थोपाध्यांचं. गावोगावची माणसं रामकुंडावर आईवडिलांचं श्राद्ध करायला येतात, त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं आमच्याकडच्या नामावळीत लिहिलेली असतात. त्या लोकांना यजमान म्हणतात. नवऱ्यालाही यजमानच म्हणायची पद्धत, पण आमच्या घरी तसं म्हटलं तर कुठल्या यजमानांना चहा हवाय ते कळायचं नाही. म्हणून आमचे 'हे'.

तर चाळीसेक वर्षांपूर्वी लंडनहून एका यजमानाचा ट्रंक कॉल आला, वडिलांचं श्राद्ध नाशिकला माझ्या नावानं करा म्हणून. कुठलंही कर्म करताना आधी हातावर पाणी घेऊन सांगावं लागतं, की मी अमका, अमक्या गोत्राचा, अमक्या तिथीला, अमक्या ठिकाणी बसून हे करतो आहे. त्याला संकल्प म्हणतात. देवाला आपला पत्ता दिल्यासारखं. ह्यांनी तो लंडनच्या नावानं लिहून काढला. भाऊजी म्हणाले, दादा, तो कुठे बसलाय ते विचारलंस का? हे म्हणाले, विचारायचं काय, एक्स्चेंजमधली बाई आधी 'लंडन' म्हणाली नि मग जोडून दिलं.

"बाई तारेचं सांगते," भाऊजी म्हणाले. "माणसाचं माणसालाच विचारायचं असतं."

"आता यजमानाची उलटतपासणी घेऊ? दक्षिणा देणारा आहे तो, चोर नाही."

मग आवाज वाढले. भाऊजींनी तिरमिरीत पंचांग पाटावर टाकलं, ह्यांनी ते उचलून कपाळाला लावलं, आणि दोघं दोन महिने एकमेकांशी माझ्यामार्फत बोलले. "वहिनी, दादाला सांगा." "अगं, ढुंढ्याला सांग." एकाच पंगतीत बसून. तो यजमान खरंच लंडनला होता असं पुढे पत्रावरून कळलं. हे जिंकले. मीही मनात ह्यांचीच बाजू घेतली होती. बायकोच मी. पण खरं सांगायचं तर भाऊजींचा तो विचारत बसायचा स्वभाव मला तेव्हाही जाच वाटायचा.

ढुंढिराजभाऊजींचं लग्न झालं नाही. ठरलं होतं, मोडलं, परत ठरवायला ते तयार झाले नाहीत. उंच, किडकिडीत, पायात तळ झिजलेल्या चपला, खांद्याला तांदळाच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यात दर्भ, तीळ, पळी-पंचपात्र, आणि घाटावरच्या लंगड्या कुत्रीसाठी ग्लुकोजची बिस्किटं. शिंकले की तीनदाच शिंकायचे. दुसऱ्या शिंकेनंतर सगळं घर हातातलं काम थांबवून तिसरीची वाट बघायचं. रोज पहाटे पाचला रामकुंडावर, नवाच्या सुमाराला परत, येताना माझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी. जुडी दहाची असो की चाळीसची, आणायचेच. चाळीसची असली तर किंमत सांगायचे नाहीत.

नामावळ्या त्यांना तोंडपाठ. दारात नवा माणूस उभा राहिला की आडनाव, गाव विचारायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, तुमचे पणजोबा आले होते तेव्हा त्यांच्याबरोबर एक आंधळी आत्या होती. माणूस तिथेच विरघळायचा. पण आत्ता कुठून आलात, कुठे उतरलात, हेही तितकंच नेटानं विचारायचे. पन्नास वर्षांत आपल्या तोंडून कुणाला चुकीची तिथी गेली नाही, एवढाच एक गर्व त्यांच्याजवळ होता.

हे गेले. मुलगा नोकरीनं बाहेरगावी. घरात मी, भाऊजी, माझा नातू मयुरेश आणि नातसून तेजश्री राहिलो. मग परदेशातल्या यजमानांचे फोन वाढले. करोनाच्या दोन वर्षांत तर निम्मं काम फोनवर गेलं. भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना फोनवरचं दिसेना, म्हणून फोन माझ्याकडे आला.

मी शिकले चौथीपर्यंत. पण आकडे मला येतात. मयुरेशनं मला एक तक्ता करून फ्रीजला चिकटवून दिला. नंबराच्या पुढे एक असेल तर अमेरिका, चव्वेचाळीस तर इंग्लंड, एकसष्ट तर ऑस्ट्रेलिया, नऊशे एकाहत्तर तर दुबई. पंधरा दिवसांत मला तो पाठ झाला. फोन वाजला की उचलायच्या आधीच मी हाक मारायची, "भाऊजी, इंग्लंड आलंय!" आणि ते आतून येत म्हणायचे, "इंग्लंडला बसायला पाट द्या." दुरेघी वहीत मी नाव, गोत्र, तिथी आणि देश लिहून ठेवायची. देशाचा रकाना मी भरायची तो आकड्यावरून. सुरुवातीला एकदोघांना विचारलं होतं, कुठून बोलताय म्हणून. त्यातला एक खेकसला, "आजी, नंबर दिसत नाही का?" तेव्हापासून विचारणं बंद केलं. नंबर दिसतच होता की.

भाऊजी पहिले काही दिवस पुसायचे, "वहिनी, देश विचारून लिहिलात ना?" मी "हो" म्हणायची. पहिल्यांदा हो म्हणताना जीभ अडखळली. नंतर नाही अडखळली.

देश कशाला लागतो, तर तिथीसाठी. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, पण त्या क्षणी आपल्याकडे रात्र असली तर अमेरिकेत सकाळ असते. आणि श्राद्ध धरतात ते दुपारी जी तिथी असेल तिच्यावर. त्यामुळे एकच तिथी तिकडे सोमवारी पडते नि आपल्याकडे मंगळवारी. भाऊजी पंचांग मांडीवर घेऊन, मयुरेशला घड्याळांचा फरक विचारून, प्रत्येक यजमानाचा वार काढायचे. वार निघायचा तो माझ्या वहीतल्या देशावर.

अशातच आभाचा फोन आला. नंबर एकवाला, म्हणजे अमेरिका. तिचं माहेर सोलापूरकडचं, आजोबांची सही आमच्या नामावळीत आहे. एकुलती एक मुलगी. आई मार्गशीर्षात गेली, तेव्हा ही पोचू शकली नाही. अग्नी काकानं दिला. आता वर्षश्राद्ध तिला स्वतः करायचं होतं, तिच्या घरी, तिच्या हातानं. काका म्हणत होता, मुलीनं करायचं नसतं, केलंस तर मधेच काहीतरी मोडेल. पोरगी फोनवर रडली नाही, पण दर वाक्याला थांबत होती.

भाऊजींनी फोन घेतला आणि म्हणाले, "बाळ, आई तुझी. तूच करायचं. अडलं तर मी फोनवर आहे."

माझं मन सांगते. मला वाटलं, काका काही अगदीच चूक नाही. आमच्या वेळी नव्हतं असं. तोंडानं बोलले नाही, पण आभाचे फोन पुन्हा पुन्हा यायला लागले, तीळ काळे की पांढरे, पिंड तांदळाच्या पिठाचे की भाताचे, दर्भ मिळत नाही तर काय करू, तेव्हा मी जरा तुटकच बोलायची. एका फोनवर ती म्हणाली, आजी, घर बदललंय, अजून खोकी उघडायची आहेत, पळी सापडत नाही. मी म्हटलं, चमचा घे चांदीचा. कुठलं घर, कुठं बदललं, एवढं एका शब्दानं विचारलं नाही.

भाऊजींनी हिशेब मांडला. तिथी आपल्याकडे सोमवारी रात्री दहाला लागत होती आणि मंगळवारी रात्री नऊला संपत होती. अमेरिकेत ती सोमवारच्या दुपारला धरणार. म्हणून आभाला सोमवार दिला, तिच्या घड्याळानं दुपारी दोन. मंत्र त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी फोनवर रेकॉर्ड केले, प्रत्येक तुकड्यानंतर काय करायचं ते मराठीत सांगितलं, आणि मी ते पाठवले. संकल्पात अमेरिका देश आला होता. शिवाय तिच्या दोन वाजता, म्हणजे आपल्या मध्यरात्री, ते जागे राहणार होते. दुपारी झोप काढून घेईन म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. भाऊजी घाटावर. दूध उतू जाण्याच्या बेतात. बघितलं तर एकवाला नंबर, आभा. मी मनात घड्याळ लावलं. तिकडे अजून रविवारची संध्याकाळ, हिचं काम उद्याचं. पुन्हा तिळाबद्दल विचारणार. मी दूध उतरवलं, चहा गाळला. फोन थांबला आणि परत वाजला. मी कपबशी घेऊन बसले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उठले आणि फोन तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. आतून चौथ्यांदा वाजला, पोटात गुरगुरल्यासारखा. मी चहा प्यायले. तो चहा चांगला झाला होता, हेही मला आठवतं.

भाऊजी नवाला आले, कोथिंबीर दिली, शिंकले. मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

अकराला तांदूळ काढायला डबा उघडला तर फोनवर आभाचा आवाजी निरोप होता. तेजश्रीला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं तो लावला. भाऊजी पाटावर, मी सूप हातात घेऊन दारात.

आवाज अगदी सपाट होता. "गुरुजी, तुम्ही संकल्पात अमेरिका म्हणालात. आम्ही ऑगस्टपासून न्यूझीलंडला आहोत, ऑकलंडला. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मी तिथेच थांबले. चुकीचा देश बोलून पुढे कसं जायचं? चार फोन केले. मग साडेचारपर्यंत थांबले. आता दुपार टळली. भाताचे पिंड बाहेर पक्ष्यांना ठेवले, मंत्र म्हटले नाहीत. काका म्हणाला होता ना, मोडेल म्हणून."

मग मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात राग होता, "पण नंबर अमेरिकेचा आहे. एक आहे पुढे. तक्त्यात बघ."

तेजश्री शरणपूर रोडवरच्या एका मोबाइल कंपनीच्या दुकानात बसते. दिवसभर लोकांचे नंबर इकडून तिकडे करून देणं हेच तिचं काम. ती म्हणाली, "आजी, तुमचा स्वतःचा नंबर आतापर्यंत तीन कंपन्या फिरलाय. आकडा बदलला का एकदा तरी?"

"नाही."

"तसंच. नंबर पोर्ट केला की कंपनी बदलते, आकडा तोच राहतो. आपला भारतातला नंबर पोर्ट होऊन भारतातल्याच दुसऱ्या कंपनीकडे जातो, त्याचा काही अमेरिकेचा होत नाही. पण अमेरिकेतल्या माणसाला आपला नंबर तिथल्याच इंटरनेटवरून चालणाऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येतो. मग त्याला सिम लागत नाही, टॉवर लागत नाही. नंबर एका अॅपमध्ये राहतो, आणि तो माणूस जिथे इंटरनेट लावील तिथे वाजतो. न्यूझीलंडला लावला, तिथे वाजतो. उद्या इथे तुमच्या ओट्यावर लावला तरी पुढे एकच दिसणार."

"मग तो एक कशाला लावतात?"

"नंबर कुठल्या देशानं दिला ते सांगायला. माणूस कुठे बसलाय ते त्याला माहीत नसतं. काही कंपन्या तर असे नंबर नुसते अॅपवर देतात, घेणाऱ्यानं तो देश कधी पाहिलेलाही नसतो. आणि व्हॉट्सअॅप ज्या नंबरावर उघडलं तो नंबर दाखवत राहतं, माणूस कुठेही जावो."

मी विचारलं, हिनं जुना नंबर ठेवलाच कशाला मग. तेजश्री म्हणाली, बँकेचे कोड त्याच्यावर येत असतील, शाळेचे, डॉक्टरांचे निरोप येत असतील. माणसं घर सोडतात आजी, नंबर नाही सोडत.

भाऊजी इतका वेळ पंचांगाकडे बघत होते. ते म्हणाले, "सकाळी फोन वाजला होता का, वहिनी?"

"मी दूध आणायला गेले होते," मी म्हटलं.

दूध आमच्याकडे पिशवीचं येतं, दाराशी, सहा वाजता. त्यांना हे वीस वर्षं माहीत होतं. त्यांनी फोन मागितला. तेजश्रीनं दिला. फोनच्या कव्हराच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. त्यांनी तो नखानं काढला, उठून खिडकीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी ठेवला, आणि परत येऊन बसले.

मग वहीतला आभाचा रकाना त्यांनी खोडला आणि तेजश्रीला ऑकलंडचं घड्याळ विचारलं. ती म्हणाली, आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तिथी तिकडे लागणार मंगळवारी पहाटे साडेपाचला, संपणार बुधवारी पहाटे. म्हणजे तिची दुपार मंगळवारची. आज तिनं भात मांडला तेव्हा तिथी लागलेलीच नव्हती.

"उद्याचा दिवस आहे आपल्याकडे," ते म्हणाले. आनंदानं नाही, माणूस बस चुकता चुकता सापडल्यावर बोलतो तसं.

त्यांनी स्वतः आभाला फोन लावला. पहिला प्रश्न विचारला, "बाळ, आत्ता कुठे बसली आहेस?" ती म्हणाली, स्वयंपाकघरात. ते म्हणाले, गाव सांग, देश सांग. तिनं सांगितला. त्यांनी सावकाश सगळं समजावलं, आज जे झालं ते नुसतं पाखरांना जेवण होतं, काही मोडलेलं नाही, उद्या दुपारी दोनला बस, या खेपेला रेकॉर्डिंग नाही, मी समोर असेन.

फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, उद्या पहाटे चला माझ्याबरोबर. माझे हात मोकळे हवेत. फोन तुम्ही धरा."

डिसेंबरची थंडी, साडेसहा वाजले तरी नीट उजाडलेलं नव्हतं. मी स्वेटरवर शाल घेऊन रामकुंडाच्या पायरीवर उभी. भाऊजी उघड्या अंगानं, ओल्या धोतरानं पाण्याशी बसलेले. माझ्या हातातल्या फोनमध्ये दुपारचं लख्ख ऊन होतं. आभा मांडी घालून बसली होती, मागे न उघडलेली खोकी, पुढ्यात ताट, चांदीचा चमचा.

ती म्हणाली, "गुरुजी, काल कुणी उचलला नाही तेव्हा मला वाटलं, आईलाच नको असेल माझ्या हातचं."

फोन माझ्या हातात होता. तोंड त्याच्यापासून वीतभर. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, फोन माझ्याजवळ वाजत होता, मी डब्यात घातला. घाटावर माणसं तुरळक होती, ऐकायला कुणी नव्हतं. मी शाल सारखी केली.

भाऊजी म्हणाले, "आईला हवंच आहे. चूक माझी आहे, बाळ. मी देश न विचारता संकल्प सांगितला. पन्नास वर्षांत केली नव्हती ती मी केली. मला क्षमा कर."

आणि त्यांनी हात जोडले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, ओल्या अंगानं, एका पोरीपुढे. ती "नका हो, गुरुजी" म्हणत होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. म्हणाली, आजी, तुम्हीपण माझ्यासाठी इतक्या थंडीत आलात. मी म्हटलं, "त्यात काय." हे दोन शब्द मी आयुष्यात पुष्कळदा म्हटले आहेत, पण त्या दिवशीचे मला परत घ्यायला मिळाले तर बरं होईल.

मग संकल्प झाला, ऑकलंडचा, न्यूझीलंडचा. आईचं नाव घेताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला आणि भाऊजी थांबले. ती सावरेपर्यंत थांबले. एक तास चाललं. माझा हात भरून आला, पण फोन हलू दिला नाही. तेवढंच माझ्याच्यानं झालं. शेवटी तिनं पिंड बागेत नेऊन ठेवले आणि फोन तिकडे वळवला. कुंपणावर कसलेसे काळे-पांढरे पक्षी होते. एक उतरला. ती हसली. भाऊजींनी इथे पाण्यात तीळ सोडले.

घरी येताना वाटेत त्यांनी कोथिंबीर घेतली. दाराशी चपला काढताना म्हणाले, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय आता, मला दिसतं. फोन द्या माझ्याकडे."

ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. मी फोन दिला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला. त्यानंतर घरात इंग्लंड आलं की हाक मारायला मी नव्हते. फ्रीजवरचा तक्ता तेजश्री काढणार होती, मीच म्हटलं राहू दे. वहीत भाऊजींनी देशाच्या रकान्याशेजारी एक बारीक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'विचारलं'. रोज तिथे ते बरोबरची खूण करायचे. मी ती वही झाडताना उघडायची नि मिटायची.

त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. दादाशी भांडले तसे भांडायला हवे होते, पंचांग आपटायला हवं होतं. मी दोनदा सांगायच्या बेतानं त्यांच्या खोलीपर्यंत गेले. एकदा म्हटलं, भाऊजी, त्या दिवशी तो फोन... ते म्हणाले, "वहिनी, तांदूळ निवडलेत का?" मी म्हटलं, निवडते. आणि निवडत बसले. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे, पण सांगणं माझं होतं आणि ते राहिलं. आता कुणाला सांगू? म्हणून इथे लिहिते आहे. आभानं कधी वाचलं तर तिला कळेल, गुरुजींनी हात जोडले ते माझ्या वाटणीचे.

पुढल्या कार्तिकात एका गुरुवारी ते गेले, दुपारी झोपेत. त्या दिवशीची सकाळ सांगते आणि थांबते.

पहाटे कुणा कॅनडाच्या यजमानाचं तर्पण होतं, त्याला आदल्या दिवशीच विचारून घेतलेलं होतं. पिशवी खांद्याला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात फुलांची पुडी. बिस्किटांचा पुडा काखेत धरलेला. दाराशी आले आणि फोन कमरेतून निसटून पायपुसण्यावर पडला. मी उचलला. म्हटलं, खोचून देते. ते म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. आला तर घ्या."

वर्षानं हातात आला होता. मी ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवला, गॅस बंद केला, काही उतू जायला नको. सातला वाजला. मी पहिल्या घंटीला उचलला आणि विचारलं, "आत्ता कुठे बसला आहात?" पलीकडचा मुलगा हिंदीत कर्जाबद्दल सांगत होता. गडबडून म्हणाला, गुडगावमध्ये. मी वहीत लिहिलं, गुडगाव, आणि पुढच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

नवाला भाऊजी आले. धोतराचा काठ ओला, पायाला वाळू. कुत्रीनं आज दोनच बिस्किटं खाल्ली म्हणाले. वही बघितली, गुडगाव वाचलं, आणि शिंकले. एकदा, दोनदा. मी पाट हातात धरून थांबले. तिसरी आली. मग त्यांनी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. कितीला मिळाली विचारलं, तर सांगितलं नाही.